फोटोतला एलिप्स आणि फोकसचा पत्ता

मंडळी, आजचा विषय जरा गणिती आहे. घाबरू नका, अकरावीच्या पुढे जाणार नाही. (गेलो तरी सांगून जाईन.)

घरातल्या एकाने इंजिनिअरिंग केलं की तो आजन्म नातेवाईकांच्या मुलांचा गणिताचा मास्तर होतो. माझी मावसबहीण नाशिकला अकरावी सायन्सला आहे. शनिवारी दुपारी तिचा फोटो येतो. वहीचा अर्धा कोपरा, त्यावर तिच्याच हाताची सावली, मध्ये एक समीकरण, बाजूला एक अंड्यासारखी आकृती, आणि खाली मेसेज : "दादा, याचे फोकस आणि व्हर्टेक्स काढून दे ना, उद्या क्लासमध्ये टेस्ट आहे."

असे बरेच फोटो बघून माझं एक ठाम मत झालंय. कॉनिकच्या गणितात फोटोतून फक्त समीकरण घ्यावं, तेही एकदा स्वतःच्या हाताने उतरवून. आकृतीला एकच काम द्यावं : चिन्हं बरोबर वाचली की नाही हे तपासायचं. त्यापलीकडे आकृतीवर भरवसा ठेवू नये. त्यातही फोकस आकृतीवरून कधीच काढू नये, कारण फोटोत सगळ्यात आधी बिघडतो तो तोच. हे मी 'आकृती कच्ची असते' एवढ्यापुरतं म्हणत नाहीये. आकृती अगदी अचूक छापलेली असली तरी फोटोत ती दुसरीच होऊ शकते. पॅराबोलाचा फोटो चक्क एलिप्स असू शकतो. ते पुढे दाखवतोच, आधी साधं गणित.

तिने पाठवलेलं समीकरण हे :

```
9x² + 25y² - 36x + 50y - 164 = 0
```

इथे बरीच मुलं पहिल्या सेकंदाला सूत्रं आठवायला लागतात. फोकस म्हणजे (±ae, 0), पाठ आहे, लिहून टाका. पण ते सूत्र ज्या एलिप्सचा केंद्रबिंदू ओरिजिनला आहे त्याच्यासाठी आहे. हा तसा नाही, हे 36x आणि 50y या दोन पदांवरूनच कळतं. तेव्हा आधी वर्ग पूर्ण करायचे. x ची पदं एका कंसात, y ची दुसऱ्या कंसात, आणि वर्गाच्या पदाचा सहगुणक बाहेर :

```
9(x² - 4x) + 25(y² + 2y) = 164
9(x - 2)² + 25(y + 1)² = 164 + 36 + 25 = 225
(x - 2)²/25 + (y + 1)²/9 = 1
```

मधल्या ओळीत उजवीकडे ३६ आणि २५ का आले, तिथे मुलं अडखळतात. पहिल्या कंसात आपण ४ मिळवले, पण कंसाबाहेर ९ आहे, म्हणून खरे मिळवले ३६. दुसऱ्या कंसात १ मिळवला, बाहेर २५, म्हणून २५. नुसते ४ आणि १ मिळवले की सगळं पुढचं गणित वाहून जातं.

आता केंद्र (2, -1). मोठा छेद २५, तो x च्या खाली, म्हणजे लांब अक्ष आडवा. a = 5, b = 3, आणि c² = 25 - 9 = 16, म्हणून c = 4. केंद्रापासून आडवं ४ एकक दोन्हीकडे चाललं की फोकस : (6, -1) आणि (-2, -1). ५ एकक चाललं की लांब अक्षाची टोकं, म्हणजे व्हर्टेक्स : (7, -1) आणि (-3, -1). मोठा छेद y च्या खाली असता तर हेच चालणं उभं झालं असतं. अक्ष आडवा की उभा हे छेद ठरवतो, सवय नाही.

हे सगळं पाच मिनिटांचं काम. खरी गंमत पुढे आहे. समजा फोटो नीट वाचला गेला नाही. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात सगळ्यात आधी बळी जातात ते बारीक खुणांचे : डोक्यावरचा छोटा २, वजाची आडवी रेघ, आणि ४ व ९ मधला फरक. प्रश्न असा की चुकीचं वाचलंय हे गणित सोडवताना आपोआप कळतं का? उत्तर मजेशीर आहे : काही वेळा ओरडून सांगतं, काही वेळा अजिबात तोंड उघडत नाही.

समजा शेवटचं -164 हे +164 असं वाचलं. मग उजवी बाजू 36 + 25 - 164 म्हणजे -103 येते. डावीकडे दोन वर्गांची बेरीज, उजवीकडे ऋण संख्या. असा वक्रच नाही. पुस्तक तुम्हाला नसलेल्या वक्राचे फोकस विचारणार नाही, म्हणजे वाचनात घोळ आहे.

समजा पहिला ९ हा ४ वाटला (घाईत काढलेले ९ आणि ४ जुळे भाऊ असतात). मग x² - 9x चा वर्ग पूर्ण करताना ४.५ येतात, उजवी बाजू २७० होते आणि a² = 67.5 निघतो. गणिताच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, असा एलिप्स असतो. पण पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस उत्तराकडून सुरुवात करून समीकरणाकडे येतो. तो आधी केंद्र ठरवतो, ५-३-४ सारखं त्रिकूट निवडतो, आणि मग सगळं विस्कटून तुमच्यासमोर ठेवतो. त्यामुळे उत्तरात ६७.५ चं वर्गमूळ दिसलं की आधी फोटो पुन्हा झूम करायचा. हा नियम नाही, अंदाज आहे, पण कामाचा आहे.

समजा 25y² वरचा २ दिसलाच नाही. मग समीकरणात 25y पण आहे आणि 50y पण. कुठलाही शहाणा माणूस हे दोन वेगवेगळे लिहिणार नाही, सरळ 75y लिहील. हेही पकडलं जातं.

आता शेवटची केस. -36x हे +36x वाचलं. पुढे काय होतं? सगळं अगदी गोंडस जमतं. उजवी बाजू तीच २२५, a = 5, b = 3, c = 4. फक्त केंद्र (-2, -1) होतं आणि फोकस (2, -1) व (-6, -1). कुठेही अपूर्णांक नाही, कुठेही ऋण संख्या नाही, काहीही खटकत नाही. आणि बहुपर्यायी प्रश्न असेल तर हे उत्तर एखाद्या पर्यायात बसलेलं असण्याची दाट शक्यता, कारण पर्याय काढणाऱ्यालाही चिन्हाची ही चूक माहीत असते. जेईई मेनमध्ये अशा प्रश्नाला चुकीच्या उत्तराचा एक मार्क कापला जातो, म्हणजे बरोबर सोडवून चुकीचं वाचल्याची शिक्षा सोडून दिल्यापेक्षा जास्त.

"पण उत्तर समीकरणात घालून तपासलं तर?" तपासू. व्हर्टेक्स (7, -1) मूळ समीकरणात घाला : 441 + 25 - 252 - 50 - 164, बरोबर शून्य. छान. पण +36x वाल्या समीकरणाचा व्हर्टेक्स (3, -1) त्याच +36x वाल्या समीकरणात घातला तरी शून्यच येणार. ही तपासणी तुमची आकडेमोड तपासते, वाचन नाही. आमच्या धंद्यात याला चांगलं उदाहरण आहे : रिक्वायरमेंटच चुकीची समजली असेल तर त्याच समजुतीवरून लिहिलेल्या टेस्ट केसेस सगळ्या हिरव्या दिसतात. रिलीजनंतर क्लायंटचा फोन येतो तेव्हा कळतं. असो.

ज्यांना कीबोर्डवरच विचार करायची सवय आहे त्यांच्यासाठी वरचं सगळं चार ओळींत :

```python
def center_form(A, C, D, E, F):
    h = -D / (2*A)
    k = -E / (2*C)
    R = A*h*h + C*k*k - F
    return h, k, R/A, R/C
```

center_form(9, 25, -36, 50, -164) दिलं की केंद्राचे दोन आकडे आणि x व y खालचे दोन छेद मिळतात : 2, -1, 25, 9. चिन्हं बदलून, आकडे बदलून वरच्या चारही केसेस करून बघा. y² गायब झालेल्या केसला C शून्य होतो आणि प्रोग्रॅम शून्याने भागाकार केल्याची एरर देऊन मरतो. मला हे फार आवडतं. एलिप्सच्या कारखान्यात पॅराबोला घातला की यंत्र बंद पडतं, कारण पॅराबोलाला केंद्रच नसतं :)

तर मग न बोलणारी चूक कशी पकडायची? इथे आकृती उपयोगी पडते, आणि फक्त इथेच. आकृतीत एलिप्सचा बहुतेक भाग y अक्षाच्या उजवीकडे असेल तर केंद्राचा x धन, म्हणजे x च्या पदाचं चिन्ह वजा. केंद्र x अक्षाच्या खाली असेल तर y च्या पदाचं चिन्ह अधिक. आकृती कितीही वेडीवाकडी असो, डावं-उजवं आणि वर-खाली एवढं तिला सांगता येतं. आकृती नसेल तर मूळ पानाकडे परत जाण्याशिवाय उपाय नाही. म्हणून मी बहिणीला सांगून ठेवलंय, "अगं, फोटोखाली समीकरण स्वतः टाइप कर, मग पाठव." पहिल्या दिवशी ती म्हणाली, "दादा, एवढा वेळ असता तर मीच सोडवलं असतं ना." त्यानंतरच्या दोन-तीन वेळा टाइप करता करता तिचं तिलाच सुटलं, आणि फोटो आलाच नाही. पण तो वेगळा मुद्दा.

आता आकृतीच्या मोहाकडे येतो. आकृतीवर पट्टी ठेवून फोकस काढायचा मोह. हे मुलं करतात, आणि पर्यायांमधून निवडायचं असेल तर मोठेही करतात.

पहिली अडचण हाताने काढलेल्या आकृतीची. वरच्या एलिप्सचा फोकस व्हर्टेक्सपासून फक्त १ एककावर आहे आणि केंद्रापासून ४. वहीतल्या दहापैकी नऊ आकृत्यांत तो साधारण मधोमध टिंब देऊन मोकळा केलेला असतो. हे सुधारणं खरं तर सोपं आहे. कंपासमध्ये अर्ध्या लांब अक्षाएवढं, म्हणजे ५ अंतर घ्या, टोक आखूड अक्षाच्या टोकावर ठेवा, म्हणजे (2, 2) वर, आणि चाप मारा. तो लांब अक्षाला जिथे कापेल तिथे फोकस. कारण उघड आहे : उभी बाजू ३, कर्ण ५, म्हणून आडवी बाजू ४. शिवाय (2, 2) पासून दोन्ही फोकस ५-५ अंतरावर, बेरीज १०, म्हणजेच 2a. एलिप्सची व्याख्याच तपासून होते. या एका चापात मला अख्ख्या सूत्रांच्या तक्त्यापेक्षा जास्त माहिती दिसते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. फोकस आकाराच्या बारीक फरकाला भलताच हलतो, विशेषतः एलिप्स गोलाच्या जवळचा असेल तर. a = 5 आणि b = 4.9 असेल तर c सुमारे १. b मोजताना ४.८ आला, म्हणजे दोन टक्क्यांची चूक झाली, तर c होतो १.४. फोकस चाळीस टक्के सरकला! पृथ्वीची कक्षा हे याचं टोकाचं उदाहरण. तिची उत्केंद्रता ०.०१६७. अर्धा लांब अक्ष १० सेंटिमीटर घेऊन ती कागदावर काढली तर अर्धा आखूड अक्ष त्यापेक्षा जेमतेम ०.०१४ मिलिमीटरने कमी येतो. पेन्सिलची रेघ त्याहून जाड असते. पण सूर्य केंद्रापासून १.६७ मिलिमीटर बाजूला, आणि ते डोळ्याला सहज दिसतं. शाळेच्या पुस्तकात मात्र कक्षा केळ्याच्या वेफरसारखी चपटी काढलेली असते, आणि त्यामुळे अर्ध्या वर्गाचा समज होतो की उन्हाळा सूर्य जवळ आल्यामुळे येतो. (पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीत असते. आपण तेव्हा हुरडा खात असतो.)

फोकस हा शब्द या बिंदूला दिला केप्लरने, १६०४ साली, प्रकाशावरच्या पुस्तकात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. आरसा प्रकाश गोळा करून जिथे जाळतो ती जागा. मराठीत आपण नाभी म्हणतो तेही छान आहे, पण चूल जास्त खरं वाटतं.

आता ते सुरुवातीचं वचन. पॅराबोलाचा फोटो एलिप्स कसा?

पुढच्या शनिवारी आलेलं गणित घेऊ :

```
y² - 4y - 8x + 20 = 0
(y - 2)² = 8x - 16 = 8(x - 2)
```

वर्ग फक्त y चा आहे, म्हणून पॅराबोला. व्हर्टेक्स (2, 2). उजवीकडचा 8 म्हणजे 4a, त्यामुळे a = 2 (८ नव्हे, ही घसरण सगळ्यात लोकप्रिय). x चं चिन्ह धन, उजवीकडे उघडतो. व्हर्टेक्सपासून उजवीकडे २ चाललं की फोकस (4, 2), डावीकडे २ चाललं की डायरेक्ट्रिक्स x = 0, म्हणजे खुद्द y अक्ष. पडताळा : (4, 6) हा बिंदू वक्रावर आहे. फोकसपासून अंतर ४, डायरेक्ट्रिक्सपासून अंतर ४. जमलं.

समजा ही आकृती पुस्तकात अगदी कॉम्प्युटरने काढलेली, मिलिमीटरही न चुकलेली आहे. आपण टेबलावर पुस्तक ठेवून तिरका फोटो काढतो, असा की उजवी बाजू मोबाईलपासून लांब जाते. लांबचं लहान दिसतं, रेल्वेचे रूळ जवळ येताना दिसतात तसं. सोयीसाठी मोजमाप व्हर्टेक्सपासून करू : u = x - 2, v = y - 2, म्हणजे पॅराबोला v² = 8u. कॅमेऱ्याचा परिणाम असा लिहिता येतो :

```
U = u / (1 + u/40)
V = v / (1 + u/40)
```

म्हणजे जितकं उजवीकडे तितका भाजक मोठा, तितकं चित्र लहान. ४० हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय. वहीत एक एकक अर्धा सेंटिमीटरचं असेल तर ४० एकक म्हणजे २० सेंटिमीटर, म्हणजे बऱ्यापैकी जवळून आणि बऱ्यापैकी तिरका काढलेला फोटो. तिरकेपणामुळे आडवी लांबी आणखी थोडी आक्रसते ती मी इथे सोडून दिलीय, मुद्दा तिच्याशिवायही सिद्ध होतो.

उलट सोडवून u आणि v ची किंमत पॅराबोलात घातली की मिळतं :

```
V² = 8U(1 - U/40) = 8U - U²/5
(U - 20)²/400 + V²/80 = 1
```

हा एलिप्स आहे. दिसायला पॅराबोला 'सारखा' वगैरे नाही, चक्क एलिप्स. आपल्याला फोटोत त्याचा डावीकडचा तुकडाच दिसतो, म्हणून डोळा त्याला पॅराबोला म्हणतो. कागद अनंत लांब असता तर फोटोत पॅराबोलाचे दोन्ही हात क्षितिजावर, U = 40 या रेषेवर, एकत्र येऊन भेटले असते आणि एलिप्स पूर्ण झाला असता. रूळ क्षितिजावर भेटतात, तसेच.

आता फोकसचं बघा. पॅराबोलाचा खरा फोकस व्हर्टेक्सपासून २ वर होता. फोटोत तो बिंदू 2/1.05, म्हणजे सुमारे १.९० वर उमटतो. पण फोटोतल्या एलिप्सचा स्वतःचा फोकस 20 - √320, म्हणजे सुमारे २.११ वर आहे. म्हणजे फोकसचा फोटो आणि फोटोचा फोकस हे दोन वेगळे बिंदू आहेत! आणि कुणी भाबडेपणाने फोटोतल्या वक्रालाच पॅराबोला समजून मोजलं तर तिसरंच उत्तर मिळतं. वक्रावरचा (8, 8) हा बिंदू फोटोत (6.67, 6.67) वर येतो. V² = 4aU मध्ये घातला की 4a = 6.67, a = 1.67. खरं उत्तर २. एकाच टिंबाचे तीन पत्ते, आणि पट्टी धरणारा हात अजिबात थरथरलेला नाही.

इथे व्हर्टेक्स बचावला, कारण मी पान नेमकं पॅराबोलाच्या अक्षाच्याच दिशेने कलवलं. तिरपं कोपऱ्याकडे कलवलं तर फोटोतल्या वक्राचं टोक आणि खऱ्या व्हर्टेक्सचं चित्र हेही वेगळे होतात. एलिप्सच्या केंद्राचीही तीच गत. आपला पाच-तीनचा एलिप्स याच कॅमेऱ्यातून, केंद्रापासून मोजून बघितला तर उजवं टोक 5/1.125 = 4.44 वर येतं आणि डावं -5/0.875 = -5.71 वर. मधला बिंदू काढा, तो शून्यावर नाही, -०.६३ वर आहे. खरं केंद्र मात्र शून्यावरच उमटलेलं आहे.

यावर आमच्या ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "अरे, स्कॅनर ॲपने सरळ करून घे की." बरोबर आहे, पण अर्धं. ही ॲप्स पानाचे चार कोपरे शोधतात आणि ते आयताच्या चार कोपऱ्यांवर नेऊन बसवतात. चार बिंदू कुठून कुठे गेले हे कळलं की कॅमेऱ्याचा हा तिरकेपणा पूर्णपणे उलटवता येतो, गणिताने ते पक्कं आहे. अट एवढीच की तो आयत नेमका कोणत्या मापाचा हे माहीत हवं. पान ए-फोर असेल तर २१० बाय २९७ मिलिमीटर. पण फोटो फक्त अर्ध्या पानाचा असेल, किंवा पुस्तकाचं पान वेगळ्या मापाचं असेल आणि ॲपने ते ए-फोर समजून ताणलं, तर?

तर पॅराबोला पुन्हा पॅराबोला होतो, एलिप्स एलिप्स राहतो, केंद्रही जागेवर येतं. एका दिशेने ताणल्याने या गोष्टी बिघडत नाहीत. बिघडतो तो पुन्हा फोकसच. आपला एलिप्स उभा वीस टक्के ताणला की b होतो ३.६, आणि c होतो सुमारे ३.४७, चार नव्हे. फोटोत खऱ्या फोकसचं टिंब चारवर छापलेलंच असेल, पण तो आता त्या ताणलेल्या एलिप्सचा फोकस नाही. आखूड अक्षाच्या टोकावरून ५ चा चाप मारून बघा, टिंबावर जाणार नाही. पान खरोखर सरळ झालं की नाही हे ओळखायची ही झकास युक्ती आहे, फक्त मूळ टिंब अचूक छापलेलं असायला हवं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे वहीच्या चौकटी बघणं. चौकोन चौरस दिसतायत का? दोन्ही अक्षांवर एककाची लांबी सारखी आहे का? नसेल तर फोकस विसरा.

याचं कारण व्याख्येतच आहे. एलिप्सचा फोकस 'अंतरांची बेरीज कायम' यावर उभा आहे, पॅराबोलाचा 'दोन अंतरं समान' यावर. तिरकी अंतरंही मोजायला लागतात, आणि तिरकं अंतर टिकण्यासाठी उभं-आडवं माप एकाच प्रमाणात वाढायला हवं. समीकरणाला मात्र यातलं काहीच होत नाही. तिरक्या फोटोतलं तिरकं 9x² हे 9x² च राहतं, वाचता आलं म्हणजे झालं.

म्हणून पेपर आणि क्लासच्या नोट्स काढणाऱ्या मंडळींना माझी एक फर्माईश आहे. आकृती द्यायची असेल तर तिच्यावर एका बिंदूचे निर्देशक छापा. 'वक्र (7, -1) मधून जातो' एवढं पुरे. +36x वाचणाऱ्याने तो बिंदू आपल्या समीकरणात घातला की 441 + 25 + 252 - 50 - 164, म्हणजे ५०४ येतात, शून्य नाही. एका ओळीत चोर पकडला जातो, आणि पानाचा फोटो कितीही वाकडा असला तरी.

बहिणीचा कालचा मेसेज : "दादा, या गणितात xy पण आहे." झूम करून पाहिलं, तर xy च होतं. म्हणजे अक्ष फिरवलेला कॉनिक, आणि केंद्र काढायच्या माझ्या त्या चार ओळी तिथे चालत नाहीत. B² - 4AC ऋण आहे एवढं तिला कळवलंय, म्हणजे एलिप्सच. बाकीचं आज संध्याकाळी फोनवर.